तीस अंशांचा पाय

व्यायामशाळेत लोक घाम गाळतात आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात उसासे. बाईंनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे उसासे मोजले होते. त्यांना दवाखान्यात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. दवाखान्याचे मालक डॉक्टर तेवढे ‘मॅडम’ म्हणत, तेही काही नाकारायचं असलं की.

फरशी मिस्त्री आला तो काठी टेकत. गुडघ्याची वाटी फुटून तारेनं बांधलेली, हाड जुळलेलं, पण मांडी वाळून दोरीसारखी झालेली. मुकादमानं त्याची जागा तीन महिने धरून ठेवली होती. तोवर त्याच्या जागी त्याचा मेहुणा काम करत होता. मेहुण्याला थापी धरायला मिस्त्रीनंच शिकवलं होतं. तीन महिन्यांत दवाखान्याचा दाखला घेऊन मिस्त्री हजर झाला तर त्याची जागा त्याची. नाही तर मेहुणा होताच.

“बाई, मेहुणा माणूस देवासारखा आहे,” मिस्त्री म्हणाला. “म्हणून जास्त भीती वाटते. एकदा बसले की देव उठत नाहीत.”

बाईंनी त्याला स्थिर जोराचे व्यायाम दिले. सांधा हलवायचा नाही, स्नायूनं मात्र जोर लावायचा. नव्यानं जुळलेल्या वाटीला यापेक्षा सोपं काही नसतं. जोर मोजायला कोपऱ्यात एक खुर्ची होती. घोट्याला पट्टा, पट्ट्याला ताणकाटा, आणि गुडघा किती वाकवायचा ते ठरवणारी एक खीळ. ही खीळ चार वर्षांपूर्वी तीस अंशांवर गंजून बसली होती. तीस अंश म्हणजे पाय जवळजवळ सरळच. बाईंनी दुरुस्तीचे तीन अर्ज दिले, आणि मालक डॉक्टरांनी तिन्ही वेळा त्यांना ‘मॅडम’ म्हटलं.

पहिल्या दिवशी काट्यानं अठरा किलो दाखवले. चांगल्या पायाचे बेचाळीस.

खुर्चीच्या जोडीला प्लँक होता. कोपरं आणि पायाची बोटं टेकायची, बाकी अंग फळीसारखं अधांतरी. बघणाऱ्याला वाटतं, माणूस नुसता पालथा पडलाय. आत मात्र पोटाचे पुढचे, बाजूचे आणि खोलवरचे आडवे स्नायू कमरेला झोळ पडू नये म्हणून आवळलेले असतात. ढुंगणाचे असतात, मांडीचे असतात, खांद्याचं पातं बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू असतो. सगळे राबतात आणि कुणीच हलत नाही. मालक डॉक्टरांना हे फार आवडे. दवाखान्याचं व्यवस्थापनही याच तत्त्वावर चाले.

मिस्त्रीचा प्लँक चार मिनिटांवर गेला. बाकीचे पेशंट टाळ्या वाजवत.

“बायको म्हणते, जमिनीवर पालथं पडायला टाळ्या मिळतात तर घरी का नाही पडत?” मिस्त्री धापा टाकत म्हणाला. मग जरा थांबून बोलला, “बाई, एक विचारू? प्लँकमधे गुडघा सरळ. खुर्चीत गुडघा सरळ. आणि माझं काम तर उकिडवं बसून. दिवसभर गुडघा मोडलेला.”

तो सहावा आठवडा होता. वाटी आता गुडघा वाकवण्याइतकी पक्की झाली होती. पाठ भिंतीला टेकवून, मांड्या जमिनीला समांतर होईस्तोवर हळूहळू खाली सरकायला लावणं बाईंच्या हातात होतं. त्यासाठी भिंत पुरे होती, आणि भिंतीला खीळ नसते. पण काटा नुकताच एकतीसवर आला होता आणि दर आठवड्याचे आकडे मांडलेल्या तक्त्यावरची रेघ इतकी देखणी वर चढत होती की तिला धक्का लावायला बाईंचं मन होईना.

“आधी आकडा तर वाढू दे, मिस्त्री,” त्या म्हणाल्या.

आकडा वाढला. अकराव्या आठवड्यात एक्केचाळीस. दुखरा पाय चांगल्याच्या बरोबरीला आला. मालक डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली, तक्ता मोठा करून दर्शनी भिंतीवर लावला आणि खाली छापून घेतलं : ‘संपूर्ण ताकद परत.’ मिस्त्रीनं काठी दवाखान्याला दान केली.

चौथ्या दिवशी तो ती काठी मागायला आला.

“काय झालं?”

“मुकादम म्हणाला, एक फरशी बसवून दाखव. उचलली. चालत नेली, ऐटीत. मग खाली बसायला लागलो. अर्ध्यापर्यंत राजासारखा गेलो, बाई. पुढं पायच नव्हता.” त्यानं दाखला टेबलावर ठेवला. “फरशी फुटली. मेहुण्यानं मला उठवलं. ‘दाजी, तुम्ही बसा,’ म्हणाला. मी बसलेलोच होतो.”

बाईंनी त्याला उंच टेबलाच्या कडेला बसवलं. खुर्चीचा ताणकाटा सोडवून टेबलाच्या पायाला बांधला. मिस्त्रीनं पिशवीतून काटकोन तपासायचा आपला गुण्या काढून स्वतःच गुडघ्याला लावला. बरोबर काटकोन.

“लावा जोर.”

चांगला पाय, साठ. दुखरा, सत्तावीस.

“म्हणजे तुमचा काटा बिघडलाय?”

“काटा बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “ज्या कोनात जोर लावाल, त्याच कोनात आणि त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे जोर वाढतो. पाय सरळ ठेवून केलं तर फारच थोड्या टापूत. तुमचा पाय तीस अंशांत पैलवान झालाय. नव्वदात तो अजून आजारीच आहे.”

“आणि हे तुम्हाला माहीत होतं?”

बाईंनी टेबलावरचा दाखला उचलला. सव्वीस वर्षांत त्यांना एवढं अवघड काही कुणी विचारलं नव्हतं.

त्या तडक मालक डॉक्टरांकडे गेल्या. “सर, तो दाखला मागे घ्या. मुकादमाला पत्र द्या, मोजणी आमची चुकली, सहा आठवडे आणखी द्या.”

“एक्केचाळीस हा आकडा खोटा आहे का?”

“खोटा नाही. पण आपण शिकवलं तेच विचारलं आणि पहिला नंबर दिला.”

“मॅडम,” मालक डॉक्टर म्हणाले, आणि बाई समजल्या.

मुकादमाला पत्र बाईंनी स्वतःच्या सहीनं लिहिलं. सहाव्या आठवड्याला आपल्याला माहीत होतं, हेही लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री भिंतीला पाठ लावून बसायला लागला. खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखा. मांड्या थरथरत. आधी साठ अंश, मग पंचाहत्तर, मग नव्वद. काटकोनाला किती कमी पडतंय, ते दर वेळी तो गुण्या लावून बघे. फरशीवाल्याला दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायची सवय नसते. त्यानं तो एकदाच ठेवला होता.

सहा आठवड्यांनी काटकोनात काट्यानं एक्कावन्न दाखवले. मिस्त्री उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसण्या-उठण्यात बघण्यासारखं काय असतं?

पत्राचं उत्तर त्याच दिवशी आलं, मेहुण्याच्या हाती. मुकादमानं लिहिलं होतं : पत्र मिळालं, वाईट वाटलं, जागा भरली. मेहुणा मान खाली घालून दारात उभा होता.

“दाजी, मी सोडतो म्हणालो होतो.”

“म्हणालास ना? झालं तर मग. जा, सिमेंट वाळेल.”

मेहुणा गेला. मिस्त्री भिंतीला पाठ लावून पुन्हा खाली सरकला. समोर त्याचाच तक्ता होता, रेघ चढलेली, खाली ‘संपूर्ण ताकद परत.’

“बाई,” तो म्हणाला, “पाय तीस अंशांत ठेवून फरशी बसवायचं काम कुठं असलं, तर सांगा. अनुभवाचा दाखला आहे माझ्याकडं.”

बाई हसल्या नाहीत. तो हसायची वाट बघत होता, हे दिसत असूनही.

“किती राहिले?” त्यानं विचारलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “वीस सेकंद.”

“कशासाठी धरायचं, ते सोडून सगळं सांगता तुम्ही,” मिस्त्री म्हणाला, आणि धरून राहिला.