आठवा शिक्का

सिद्राम काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. इन्कम टॅक्सचा रिफंड तीन वर्षं अडकला, म्हणून ते सोलापुरातल्या माझ्या कर सल्लागार ऑफिसात फाईल घेऊन आले.

"कीर्तीताई, हितल्या ऑफिसात सात अर्ज दिले. साऱ्यांवर आवकेचा शिक्का हाय की!"

"शिक्क्यांनी रिफंड येतो होय?" मी चिडून त्यांचं खातं पोर्टलवर उघडलं. रिटर्न प्रोसेस झालेलं होतं, पण रिफंड एका जुन्या थकीत कराच्या मागणीपोटी रोखला होता. ती मागणी काकांनी केव्हाच भरली होती. पैसे भरल्याचं चलन फाईलमध्येच होतं. काकांनी कुणाकडून तरी करून घेतलेल्या ऑनलाइन तक्रारीलाही उत्तर आलं होतं, तुमच्या कर निर्धारण अधिकाऱ्याशी संपर्क साधा. काकांनी तो अधिकारी सोलापूरचाच धरला होता.

"पॅन कुठं काढलं होतं?"

"गुलबर्ग्याला. तितं ड्यूटी व्हती."

पॅन टाकून अधिकारी शोधला. गुलबर्ग्याचाच निघाला. पत्ता बदलला तरी पॅनचा अधिकारी आपोआप बदलत नाही.

मी त्याला एकच ईमेल लिहिला. पॅन, वर्ष, रिफंडची स्थिती, तक्रार क्रमांक आणि सोबत चलन. प्रत त्याच्या वरच्या रेंजप्रमुखाला.

"ह्याच्यावर शिक्का?"

"लागत नाही. बघाच तुम्ही."

बाराव्या दिवशी मागणी रद्द झाली, पुढच्या महिन्यात रिफंड खात्यात आला. काका त्या ईमेलची प्रिंट घेऊन हजर.

"ताई, तुमचा तरी मारा की. त्याबिगर फाईल पुरी वाटत न्हाय."

मी कपाळाला हात लावला. मग ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि चांगला दोनदा मारला.