कढईतला मका

पिंपळीच्या रानातला मका आज कापायचा की नाही, हे राजेश्वरीला कढईत सुकत असलेल्या कुट्टीवरून, म्हणजे मक्याच्या बारीक तुकड्यांवरून, ठरवायचं होतं. फार ओला कापला तर मुरघासाला, म्हणजे दाबून मुरवलेल्या चाऱ्याला, पाणी सुटतं, फार वाळला तर तो नीट दाबला जात नाही. सहाशे ग्रॅम कुट्टी पूर्ण सुकल्यावर तेहतीस ते पस्तीस टक्के उरायला हवी होती.

"तिसरा हिस्सा दोनशे," ती पुटपुटली. "दहावा हिस्सा साठ. असे तीन म्हणजे एकशे ऐंशी, वर अर्ध्याचे तीस. दोनशे दहा. म्हणजे दोनशे ते दोनशे दहा."

काट्यावर २३०.

"रानातला मका लई वाळला की वहिनी! लगेच कापू, न्हायतर मशीन कळसला नेतो," मशीनवाला दिग्विजय म्हणाला.

"अजून वाफ निघतीया, भावजी. थांबा."

२१५. बाहेर मशीनवरच्या पोरानं हॉर्न वाजवला.

२०६.

"आता बसलं की मधी!"

"वजन घटतंय तवर काय खरं न्हाय." तिनं कढई पुन्हा चढवली.

२०२. दोनशेच्या खाली गेलं तर मका अजून ओला, मशीन परत पाठवायचं, आणि पुढची पाळी कधी येईल देव जाणे. ती हलवत राहिली.

२०२.

तिनं गॅस बंद केला.

"घाला मशीन रानात. पण बुडखा जरा उंच ठेवा, खालच्या दांड्यातच पाणी जास्त असतंय."