बरणीवाल्याची आणि खोकीवाल्याची गाठ

कुणाची ओळख करून द्यायची तर आधी दोघांना वेगवेगळं विचारायचं, हा खरेदीखात्यातल्या बाईंचा शिरस्ता. काचेच्या बरण्या बनवणाऱ्याने मेलवर उत्तर दिलं, "तो खोकीवाला? तोंड उघडलं की दोन तास डोकं खातो. पण बरण्या फुटतायत, द्या गाठ घालून." खोकीवाला तर एका पायावर तयार होता.

बाईंनी दोघांना मिळून झकास मेल लिहिली: यांच्या बरण्या वाटेत फुटतात, यांच्या खोक्यांतला माल पडला तरी शाबूत राहतो, तेव्हा एकदा बोलून घ्या. घात एवढाच झाला, की ती बरणीवाल्याच्या उत्तरावरच लिहिली आणि खालचा मजकूर पुसायचा राहिला.

दहा मिनिटांत खोकीवाल्याचं दोघांना उत्तर आलं. "ओळख खालपर्यंत वाचली. बुधवारी या. दोन तास काढून या."