उंबऱ्यातल्या अकरा कमेंट

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कामवाटपाच्या बोर्डावर मास्तरांच्या नावाची दोन कार्डं होती. एक दवाखान्यांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर नव्याने लिहायचं, दुसरं धाकटीचा कोड तपासायचं. दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची. पण मास्तरांच्या लेखी पहिलं काम होतं आणि दुसरा शेजारधर्म. शेजारधर्म माणूस हात मोकळा झाला की पाळतो, आणि मास्तरांचा हात मोकळा झालेला ऑफिसात कुणी पाहिलेला नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. वीस वर्षं प्रोग्रामिंग केलेला माणूस; दुसऱ्याच्या कोडवर कमेंट अशी लिहायचा की वाचणाऱ्याने बाकावर उभं राहावं. म्हणून मास्तर. धाकटी धाकटी कशी, तर टीममध्ये एका नावाच्या दोघी होत्या आणि थोरली आधी रुजू झाली होती, एवढंच. दवाखान्याची वेळ घेतलेल्या पेशंटला आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जातो, तो विभाग धाकटीकडे होता. वेळ रद्द झाली तर मेसेज जाऊ नये, आणि वेळ बदलली तर नव्या वेळेचा जावा, असा बदल तिने महिनाभर खपून केला होता. गुरुवारी पाच वाजता सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं, म्हणजे रिलीजचं, दार बंद होणार होतं. शुक्रवारी तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढे तीन आठवडे तिची रजा. गुरुवारपर्यंत बदल आत गेला नाही, तर लॅपटॉप दवाखान्यात न्यायचा आणि आईच्या उशाशी बसून काम करायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मास्तरांनी बदल उघडला. चौदा फायली, नऊशे ओळी. मास्तरांनी बदल मिटला. एवढं वाचायचं तर सलग दोन तास हवेत, दोन तास सलग मिळाले की बसू, असं ठरवून ते कॅलेंडरकडे वळले.

आता मुकादमाचा एक नियम होता. मुकादम म्हणजे टीमचा प्रमुख. तपासायच्या कार्डाला चोवीस तास कुणी हात लावला नाही, की ते बोर्डावर लाल होई; हात लागला की हिरवं. मंगळवारी सकाळी लाल व्हायला दहा मिनिटं असताना मास्तरांनी पहिली फाईल उघडली, एका फंक्शनचं नाव नीट अर्थ सांगत नाही अशी कमेंट टाकली, आणखी तीन-चार बारीकसारीक खोड्या काढल्या. कार्ड हिरवं झालं. मास्तरांना वाटलं, सुरुवात तर झाली.

धाकटीने नावं बदलली, कोड पुन्हा वर चढवला. वर चढवला की कोड आपोआप तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट पहिल्यापासून धावायच्या, पाऊण तास. तोवर मास्तर कॅलेंडरमध्ये बुडालेले. बुधवारी सकाळी पुन्हा तेच. त्यांनी लिहावं, तिने बदलावं. तिने चढवावं, त्यांनी न बघावं. कार्ड हिरवंगार, एखाद्या जाहिरातीतल्या शेतासारखं.

बुधवारी संध्याकाळी जेवताना मास्तरांनी बायकोला सांगितलं की सोमवारपासून एका पोरीचं काम तपासतोय, स्वतःच्या कामाला वेळच उरत नाही. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, दिवसाला दोनशे रिपोर्ट तपासून सही करायची. किती वाचून झालं, असं तिने विचारलं. ते असं मोजत नाहीत, मास्तर म्हणाले. तिने पुढे विचारलं नाही, आणि तेच मास्तरांना जेवणभर टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी उभ्याउभ्या होणाऱ्या रोजच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने आपापलं सांगितलं. धाकटी म्हणाली, रिव्ह्यूची वाट बघतेय. कुणाचं नाव घेतलं नाही. मुकादमाने बोर्डाकडे पाहिलं, हिरवं दिसलं, तो पुढे सरकला. मीटिंग संपल्यावर धाकटी मास्तरांच्या टेबलाशी आली. हातात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही.

"मास्तर, तुमच्या अकरा कमेंट झाल्यात."

"हो. चांगलं चाललंय तुझं."

"अकराच्या अकरा पहिल्या फाईलच्या पहिल्या चाळीस ओळींत आहेत. तीन दिवस तुम्ही उंबऱ्यातच उभे आहात. वर मला रोज रांगोळी पुसून नवी काढायला लावताय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"तुम्हाला वेळ नव्हता तर सोमवारी सांगायचं," धाकटी त्याच आवाजात म्हणाली. "मी थोरलीला विचारलं असतं. तुमचं नाव तिथे होतं म्हणून नाही विचारलं."

राग करायला जागा असती तर मास्तरांनी केला असता. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. मग ते उठून मुकादमाकडे गेले आणि म्हणाले की सुट्ट्यांचं कॅलेंडर या रिलीजमध्ये येणार नाही. मुकादमाने कारण विचारलं. मास्तर म्हणाले, माझ्या नावावर दोन कामं आहेत आणि मी तीन दिवस एकच करतोय. दुसरं हिरवं दिसतंय ते मी रंगवलंय. मुकादमाने बोर्डाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, असे आणखी कोण रंगवतात? मास्तरांना ठाऊक नव्हतं, पण मागच्या रांगेतल्या दोघांनी एकदम कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

साडेदहा ते साडेबारा मास्तरांनी बदल वाचला. फोन पालथा, खुर्ची भिंतीकडे. कोड सुरेख होता. वाचता वाचता त्यांना थोडं वाईट वाटलं, कारण एवढी नीट ओळीला ओळ लावलेली वीण त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, आणि ती तीन दिवस त्यांच्याच दारात उभी होती. मग बाराव्या फाईलमध्ये धागा सुटलेला सापडला. वेळ रद्द झाली तर मेसेज थांबत होता. पण वेळ बदलली तर नवा मेसेज ठरवला जाई आणि जुना तसाच राही. पेशंटला दोन्ही गेले असते. कुठलीही टेस्ट हे बघत नव्हती.

धाकटीने ती ओळ बघितली, खुर्चीत बसली.

"हे नीट करायला मला दीड दिवस लागेल."

"सोमवारी सापडलं असतं तर?"

 हा प्रश्न मास्तरांनी स्वतःलाच विचारला होता.

मग दोघांनी मिळून बदलाचे दोन भाग केले. वेळ रद्द होण्याचा भाग स्वतःच्या पायावर उभा होता. वेळ बदलण्याच्या चार फायली त्यातून वेगळ्या काढल्या. उरलेल्या दहांच्या टेस्ट पुन्हा धावल्या, पाऊण तास. मास्तर तेवढा वेळ तिथेच बसून राहिले. टेस्ट पास झाल्या तशी त्यांनी दहाही फायली नव्याने चाळल्या, जे काढलं त्याचा शेंडा कुठे अडकून राहिला नाही ना ते पाहिलं आणि मंजुरी दिली. चार वाजून चाळीस मिनिटांनी बदल आत गेला.

"आणि त्या चार फायली?" धाकटीने विचारलं.

"माझ्या नावावर लाव. पुढच्या रिलीजला. कॅलेंडरच्या आधी मी त्या घेतो." मास्तरांनी मान वळवून थोरलीला हाक मारली. "बाई, सोमवारी मी चार फायली पाठवीन. कधी जमेल बघायला? जमणार नसेल तर आत्ताच सांग."

"सोमवारी तीन ते चार," थोरली मागे न बघता म्हणाली. "त्याच्या आधी विचारायला येऊ नका."

धाकटीने चार्जर गुंडाळला, लॅपटॉप ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली. जिन्यात पोचल्यावर तिने आईला फोन लावला. दुपारीच दाखल झालेली आई तेव्हापासून विचारत होती की दवाखान्याच्या खोलीत तुला काम करायला टेबल मिळेल का, मी सांगून ठेवू का त्यांना.

"नको," धाकटी म्हणाली. "मी नुसतीच येतेय."

 पलीकडून आई म्हणाली, बरं झालं, खोली तशी लहानच आहे.