मधली पदं

ग्लेनिस येऊन मागच्या बाकावर बसली आणि नेव्हिल ट्रेथवीच्या हातातला खडू उगाचच जड झाला. ती शाळेची उपमुख्याध्यापिका. वीस वर्षं दोघं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलेली, पण आज तिच्या मांडीवर वही होती.

सकाळीच तिनं त्याला खिडकीपाशी गाठलं होतं.

"नेव्हिल, पालकांचे फोन येताहेत. बारावीची सराव परीक्षा तोंडावर आली आणि तुझा वर्ग पंधरवडा झाला तरी वार्षिकीतच रुतलाय. आज मी येऊन बसणार. आज गाडी पुढे सरकली नाही, तर बारावी मला त्या नव्या शिक्षक पोराकडे द्यावी लागेल."

"आणि मी?"

"तुझी आठवी आहेच की. नाहीतर रजा घे. किती वेळा सांगू?"

रजा त्याला नको होती. रजा म्हणजे घर, आणि घरात आता कुणी नव्हतं. त्याची बायको लॉरेल जाऊन पाच महिने होत आले होते. ऑस्ट्रेलियातल्या त्या ब्रोकन हिल गावच्या थंडीत पहाटे अंथरुणातून उठायला त्याच्याकडे एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे पहिल्या तासाची बारावी. ती गेली तर दाढी तरी कशाला करायची, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं.

त्यानं घसा खाकरला.

"आज ते सूत्र पुरं करू या. परीक्षेत छापील कागद मिळेल, त्यावर भूमिती श्रेढीची बेरीज असेल. वार्षिकीच्या, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या सारख्या हप्त्यांच्या, आजच्या किमतीचं सूत्र नसेल. ते तुम्हाला स्वतः उभं करावं लागेल. कोरी, आज हातात मिळालेला डॉलर आणि वर्षानंतर मिळणारा डॉलर, दोन्ही सारखे का नाहीत?"

कोरी पास्को पाय पसरून बसला होता. "सर, वर्षानं देतो असं आमचे बाबा म्हणाले, तर तो डॉलर आलाच नाही असं समजायचं."

वर्ग हसला. मागं ग्लेनिसही हसली. नेव्हिललाही थोडं बरं वाटलं.

"तुझ्या बाबांना मीच शिकवलंय, त्यामुळे मला धक्का बसला नाही. पण बाबा सज्जन आहेत असं धरू. मग?"

"मग व्याज. आज मिळाला तर बँकेत टाकीन, व्याजाचा दर i धरला तर वर्षात तो तेवढा वाढेल."

"किती होईल?"

"एक अधिक i."

"बरोबर. म्हणजे वर्षानंतर एक डॉलर हवा असेल, तर आज किती ठेवायला हवेत? एक भागिले एक अधिक i. त्याला आपण v म्हणू. दोन वर्षांनी येणाऱ्या डॉलरची आजची किंमत?"

"v चा वर्ग," दोघंतिघं एकदम बोलली.

"साध्या वार्षिकीत हप्ता कधी येतो? वर्षाच्या सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटी," खिडकीजवळची डॅनिका म्हणाली. "म्हणून पहिलं पद 1 नाही, v आहे. तुम्ही सोमवारी सांगितलंत. मंगळवारीसुद्धा."

ती हे टोमण्यानं बोलली नव्हती, तरी मागं पेन्सिल चाललेली त्याला ऐकू आली. त्यानं फळ्याकडे तोंड केलं आणि n हप्त्यांची बेरीज लिहिली:

S = v + v² + v³ + … + vⁿ

अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. इथपर्यंत तो रोज यायचा.

"आता पुढे काय करायचं?"

"दोन्ही बाजूंना v नं गुणायचं," कोरी म्हणाला. "सर, आम्हाला पाठ झालंय हो."

नेव्हिलनं खाली लिहिलं: vS = v² + v³ + … + vⁿ⁺¹. पण लिहिताना त्यानं ते बरोबर वरच्या ओळीखालून सुरू केलं, v च्या खाली v², v² च्या खाली v³. चूक म्हणावी अशी ती नव्हती. प्रत्येक पद खरं होतं. फक्त तिसावं वर्ष शिकवणारा माणूस दुसरी ओळ एक घर उजवीकडे सरकवून लिहितो, म्हणजे सारखी पदं एकाखाली एक येतात आणि वजाबाकी करताना उडून जातात. त्यानं ती सरकवली नव्हती. पंधरवड्यात एकदाही नाही.

रोज इथे आला की तो म्हणायचा, "आज आपण एकेक पद काढून बेरीज करू या." मग मुलं कॅल्क्युलेटर काढायची. पहिल्या हप्त्याची किंमत, दुसऱ्याची, तिसऱ्याची, ओळीनं सगळ्या. तास संपायचा. उत्तर बरोबरच यायचं, पण असं मोजत बसलेल्या पोराचा परीक्षेत अर्धा पेपर कोरा राहिला असता. नेव्हिललाही हे कळत होतं. इतकी वर्षं तोच मुलांना सांगत आला होता.

"सर?" कोरी म्हणाला.

नेव्हिल फळ्याकडे बघत उभा होता. पुढची पायरी त्याला झोपेतही आली असती. वरच्यातून खालची वजा करायची. वरचं पहिलं पद राहतं, खालचं शेवटचं राहतं. मधलं काहीही उरत नाही.

लॉरेलचं लग्नाच्या दिवशीचं हसणं त्याला आठवत होतं. हॉटेलच्या मागच्या अंगणात धुळीचं वादळ आलं आणि तिनं पदर घ्यावा तशी टेबलावरची चादर डोक्यावर घेतली होती. आणि शेवटची ती खोली आठवत होती, नळीतून येणारा थेंब, तिचा कोरडा ओठ, नर्सचा "थोडं बाहेर बसता का?" असा आवाज. या दोहोंच्या मध्ये चौतीस वर्षं होती. त्यातलं काही त्याला सापडत नव्हतं. रात्र रात्र तो एखादा साधा बुधवार शोधायचा. ती काय रांधायची, कशावरून भांडायची, दारातून आत आल्यावर पहिलं काय बोलायची. ती बोलायची एवढंच आठवायचं, शब्द आठवायचे नाहीत. फोटो होते, पण फोटो वाढदिवसांचे होते. मधलं रोजचं सगळं कुणी पुसून नेल्यासारखं झालं होतं, आणि ते आपणच पुसलं, नीट बघितलंच नाही, असं त्याला वाटत राहायचं.

हे तो कुणाला सांगणार होता? गणिताच्या तासाला तर नाहीच.

"नेव्हिल," मागून ग्लेनिस हळूच म्हणाली, "चालू दे."

"हो." त्यानं खडू उचलला. वरच्या ओळीतल्या v² वर तिरकी रेघ मारायला हात नेला. हात तिथेच थांबला. खडूचं टोक फळ्याला टेकलं होतं, पण रेघ ओढली जाईना.

"ही जातात कुठे?" तो म्हणाला.

"कोण, सर?"

"ही मधली. इतकी पदं. प्रत्येकाला किंमत होती ना? आत्ताच तर काढली."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नाही, हे मुलांनाही समजलं. ग्लेनिसनं वही मिटली.

तेव्हा डॅनिका उठली. कुणी बोलावलं नव्हतं. ती पुढे आली, खडूच्या पेटीतून दुसरा खडू घेतला आणि त्याच्या शेजारी उभी राहून खालच्या आवाजात म्हणाली, "सर, मी करते. तुम्ही बसा."

"मला येतंय, डॅनिका."

"माहीत आहे, सर. तुम्हीच शिकवलंत."

तिनं दुसरी ओळ पुसली आणि एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा लिहिली. v² खाली v², v³ खाली v³, आणि शेवटी एकटं vⁿ⁺¹ बाहेर लोंबतं. मग वर्गाकडे वळून, हुबेहूब त्याच्याच ढंगात, "बरं का मंडळी," म्हणाली. दोघं फिसकन हसली. मधल्या पदांवर तिनं सपासप रेघा मारल्या. खडूचा तो आवाज नेव्हिल खुर्चीत बसून ऐकत राहिला.

"उरलं काय? S वजा vS बरोबर v वजा vⁿ⁺¹. डावीकडे S बाहेर काढला, उजवीकडे v." तिनं लिहिलं:

S(1 − v) = v(1 − vⁿ)

"आता एक वजा v म्हणजे काय? कोरी, झोपू नकोस."

"एक वजा, एक भागिले एक अधिक i. म्हणजे i भागिले एक अधिक i. अगं, म्हणजे i गुणिले v!"

"म्हणून दोन्हीकडचा v गेला," डॅनिका म्हणाली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं:

S = (1 − vⁿ) / i

"हप्ता एक डॉलर नसून कितीही असेल तर त्यानं गुणायचं. झालं."

कुठेही चूक नव्हती. नेव्हिलनं सवयीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुलं भराभर उतरवून घेत होती. डॅनिका जागेवर जाताना त्याच्याकडे बघून किंचित हसली. आपण सरांना सांभाळून घेतलं, असं तिला वाटत होतं. तिचा चेहरा उजळला होता. त्यानं मान हलवली. "छान," तो म्हणाला, आणि ते खरंच छान होतं.

घंटा झाली. मुलं गेली. ग्लेनिस व्हरांड्यात त्याची वाट बघत होती.

"मी काय लिहू, नेव्हिल?"

"बघितलंस ते लिही."

"मी बघितलं ते असं, की मुलांना येतंय. पक्कं येतंय. तू चांगलं शिकवलंयस त्यांना." तिनं त्याच्या बाहीला हात लावला. "मला आज खरंच काळजी होती, की तुला काढलं तर पोरांचं काय होईल. ती काळजी मिटली. त्यांचं काही अडणार नाही."

त्याला वाटलं होतं, तास पुरा झाला म्हणजे बारावी वाचली. आता त्याला कळलं, ती नेमकी त्यामुळेच गेली. मुलीनं गणित पुरं केलं नसतं तर कदाचित ग्लेनिसला आणखी आठवडाभर दया आली असती.

"ग्लेनिस, मला ती बारावी हवी गं," तो म्हणाला. असं मागणं त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्याचं त्यालाच ते लाजिरवाणं वाटलं. "मुलांसाठी नाही. माझ्यासाठी."

तिनं मिटलेली वही काखेत धरली.

"मला माहीत आहे. म्हणूनच देता येत नाही," ती म्हणाली. "उद्यापासून तो पोरगा येईल. लॉरेल असती तर तिनंही तुला घरी बस असंच सांगितलं असतं."

लॉरेल काय म्हणाली असती? त्यानं आठवून पाहिलं. ती काही बोलली असती, नक्कीच बोलली असती, कदाचित चिडलीही असती. शब्द येईनात.

"असेल," तो म्हणाला.

तो परत वर्गात आला. फळ्यावर डॅनिकाचं अक्षर होतं. त्यानं डस्टर घेतलं, पण पुसायचं धाडस झालं नाही. दुरुस्त करायलाही त्यात काही नव्हतं. तेवढ्यात दार ढकलून आठवीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत आत आली. कुणाच्या तरी हातातल्या गरम पेस्टीचा, मांस-बटाटा भरलेल्या त्या करंजीचा, वास आला.

"सर, आज आम्हाला तुम्हीच आहात ना?" एकीनं विचारलं.

"आज आहे," तो म्हणाला.

"आणि उद्या?"

उद्या पहाटे कशासाठी उठायचं, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. मुलगी उत्तरासाठी थांबलीही नाही, जागा पकडायला पळाली.