गुलाबी थेंब

पोस्टातून निवृत्त झालेले गयासुद्दीन तोंडी तक्रारीवर फारसा विश्वास ठेवत नसत. वरच्या ३०२ मधले खुशालराव रोज त्यांच्याकडे चहाला येत, तरी गयासुद्दीननी सोसायटीच्या कमिटीला ईमेल धाडला:

‘फ्लॅट २०२ च्या बाथरूमच्या छतातून नोव्हेंबरपासून तिसऱ्यांदा गळती होत आहे. वर आंघोळी झाल्यावर अर्ध्या तासात नहाणीच्या (पाणी जाण्याच्या जाळीच्या) पाइपाजवळून पाणी येते. प्लास्टर सुटले आहे. दोनदा तोंडी सांगितले. दोन्ही वेळा ३०२ ने फरशीच्या फटींत नुसते पांढरे सिमेंट भरले. फोटो जोडले आहेत. कमिटीने पाहणी करून दुरुस्ती करून घ्यावी.’

सेक्रेटरी धर्मपाल येऊन छत पाहून गेले. खुशालरावांच्या घरी ईमेलची प्रत आणि कमिटीचं पत्र आलं: आठ दिवसांत लेखी खुलासा द्या.

खुशालराव तेव्हा बाळापूरच्या खरेदी केंद्रावर आपल्या तुरीची राखण करत होते; केंद्रात बारदाना, म्हणजे रिकामी पोती नव्हती, म्हणून माप होत नव्हतं. घरी आल्यावर पत्र वाचून ते तडक खाली उतरले.

“गयासभाई, हे तुमी लिवलं?”

“हो.”

“बेस लिवलं. आता याचं उत्तरबी टाइप करून द्या. मले ते कम्प्युटरचं जमत नाही.”

गयासुद्दीननी चष्मा पुसला. “बोला.”

“लिवा, पाणी पावसाचं हाय.”

“एप्रिलमंधी?”

“मंग लिवा, तुमचाच पाइप फुटला.”

“माह्या पाइपातलं पाणी वर चढून छतातून कसं पडन, भाऊ? खोटं मी टाइप करत नाही.”

“कमाल हाय! उत्तर माहं, अन् खोडून तुमी राहिले?”

स्वयंपाकघरातून गयासुद्दीनच्या पत्नी हलीमाबी म्हणाल्या, “भांडून काहून राहिले? पाणी कुठून येते ते पाहून घ्या ना!”

नळाला पाणी आलं त्या दिवशी खुशालरावांनी आपल्या नहाणीचं तोंड बुजवलं, फरशीवर पाणी भरलं आणि त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. मग दोघं खालच्या बाथरूममध्ये मान वर करून उभे राहिले. अर्ध्या तासाने गयासुद्दीनच्या टकलावर पहिला गुलाबी थेंब पडला.

खुशालराव आधी खदखदून हसले. मग आपल्या रुमालानं त्यांचं टक्कल पुसलं.

“लिवा, भाऊ. गळती माहीच हाय. दुरुस्ती मीच करतो.”

एवढं वाक्य गयासुद्दीननी एकही शब्द न बदलता टाइप केलं.

वरची फरशी उखडली. नहाणीचा सांधा बदलून वॉटरप्रूफिंग झालं. ते पक्कं होईपर्यंत ३०२ चं सगळं घर आंघोळीला २०२ मध्ये येऊ लागलं. खुशालरावांच्या पत्नी आशाबाई सगळ्यांत आधी येत आणि निवांत न्हात.

एका सकाळी गयासुद्दीन अंगभर साबण लावून उभे असताना टाकी रिकामी झाली.

“खुशालभाऊ!” ते आतून ओरडले.

टॉवेल घेऊन दाराशी थांबलेले खुशालराव वर गेले आणि आपल्या ड्रममधलं पाणी बादलीभर घेऊन आले.

“घ्या. हे वरूनच आलं, पण याची तक्रार करू नका.”