एक वर्ष, पुढे वाढवता येण्याजोगे

पीएच.डी. मिळाली त्या दिवशी मी एकदमच डॉक्टर झाले आणि बेकारही. आईनं फोनवर विचारलं, "म्हणजे आता नोकरी लागली ना?" मी म्हटलं, "नाही गं, आता नोकरी शोधायला पात्र झाले." तिनं गुपचूप फोन बाबांकडे दिला.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीच्या, जाहिराती वाचणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. "आकर्षक मानधन" म्हणजे आकडा विचारू नका. "उत्साही वातावरण" म्हणजे रविवारीही या. "एक वर्ष, पुढे वाढवता येण्याजोगे" म्हणजे दरवर्षी हात जोडा. महिनाभर चाळून माझ्या हाती दोनच जागा उरल्या.

पहिली महागुरूंची; आमच्या विषयातल्या सगळ्यात बड्या प्रोफेसरांना आम्ही असंच म्हणतो. तीस माणसांची लॅब, मोठमोठ्या जर्नलांत पेपर, मुदत एक वर्ष, वगैरे. दुसरी एका बाईंची. चार वर्षांपूर्वी त्यांची लॅब सुरू झाली, माणसं तीन, पण पैसा तीन वर्षांचा मंजूर.

माझे गाइड, म्हणजे सर, ऐकायलाच तयार नव्हते. "अगं, महागुरूंकडे राहिलीस की जन्माचं कल्याण! मी स्वतः त्यांच्याकडेच पोस्टडॉक होतो. आणि ही बाई कोण? नावही ऐकलं नाही कुणी."

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी टाचणी मात्र हसली. तिला सगळ्यांना टोचायची खोड आहे, म्हणून हे नाव. "वेबसाइटवरची यादी बघू नकोस," ती म्हणाली. "वीस वर्षांचे पेपर काढ, प्रत्येकावरचं पहिलं नाव, म्हणजे खरं काम करणाऱ्याचं, उतरव, आणि ती माणसं आज कुठं आहेत ते शोध."

आठवडाभर मी तेच केलं. महागुरूंच्या वेबसाइटवर "आमचे माजी सहकारी" अकरा, अकराही जण बड्या विद्यापीठांत प्रोफेसर. माझ्या तक्त्यात, कोण किती वर्षं राहिलं यासकट, पोस्टडॉक निघाले चौतीस. उरलेले तेवीस जण जणू जन्मलेच नव्हते. त्यातल्या सहांना मेल केली. एकानं उत्तर दिलं, "लिहीत नाही, फोन कर."

फोनवर तो म्हणाला, "माणूस वाईट नाही. पण एका प्रश्नावर दोघांना लावतो. जो आधी संपवेल त्याचा पेपर. आणि निघताना प्रोजेक्ट तिथंच ठेवायचं. तू स्वतःची लॅब काढणार ती कशावर?"

मग अनुदान देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहिलं. महागुरूंचं अनुदान पुढच्या मार्चअखेर संपत होतं. मी रुजू होणार जूनअखेर. म्हणजे त्या एका वर्षातलेसुद्धा महिने नऊच.

ऑनलाइन मुलाखतीत मी हे विचारलं. महागुरू माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "चांगली माणसं आपली फेलोशिप स्वतः आणतात." फेलोशिपचा निकाल लागायला आठ-नऊ महिने लागतात, हे त्यांना ठाऊक नसेल असं कसं म्हणू?

बाईंनाही हेच प्रश्न विचारले. त्यांनी मंजुरीचं पत्रच पडद्यावर दाखवलं. म्हणाल्या, "तुझ्या दुसऱ्या वर्षी माझी नोकरी कायम करायची की नाही ते ठरेल. नाही झाली तर लॅब वर्षभरात बंद होईल. तुझं काम तू घेऊन जायचंस, हे मी लिहून देते. माझ्याकडून आजवर एकच जण बाहेर पडलाय, हा त्याचा नंबर. माझ्यामागे विचार त्याला." मी विचारलं. तो एका कंपनीत सुखात होता. मी बाईंना हो म्हटलं.

आता फक्त सरांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि तेही दुसऱ्या दिवशीपर्यंत. ते नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

सर भडकले. "तू पायावर धोंडा मारून घेतेयस! कशाच्या जोरावर?"

मी रागाच्या भरात लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला आणि त्याच क्षणी मला आठवलं. तेविसांतली एक ओळ झाकून ठेवायची असं मी ठरवलं होतं, आणि नेमकी तीच झाकायची राहिली होती.

सर चष्मा कपाळावर चढवून खाली खाली जात होते. एकेक नाव वाचून "हा? हा पण?" असं पुटपुटत होते. मग स्वतःच्याच नावाशी थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वर्षं ह्या माणसानं माझे मसुदे लाल शाईनं सुधारले होते. आमचं कॉलेज छोटं, म्हणून महागुरूंच्या यादीला ते चालले नसावेत.

"सर, मी..."

"हे चुकलंय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "सहा वर्षं नाहीत. सात. शेवटच्या वर्षाचा पेपर दुसऱ्याच्या नावावर गेला, म्हणून तुला दिसलं नसेल."

मी त्यांच्या नावापुढे सहाचे सात केले. सरांनी खुर्ची ओढली आणि बाईंचं पूर्ण नाव विचारून पत्र लिहायला घेतलं.